अँटी-पोल्युशन सीरम घ्यावं, की संध्याकाळी चेहरा नीट धुतला की झालं?

आसावरी_द

रोज दुचाकीवरून ऑफिसला जाते-येते. येताना जास्त वेळ लागतो, कारण निम्मा वेळ कुणाच्या तरी सायलेन्सरच्या मागे उभं राहण्यात जातो. सध्या काय करते ते सगळं लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

सकाळी फेसाळ फेसवॉश, मग १५ टक्के व्हिटॅमिन सीचं सीरम, त्यावर 'प्रदूषणापासून संरक्षण' असं लिहिलेला मिस्ट, मग सनस्क्रीन. संध्याकाळी घरी आल्यावर कापसावर मायसेलर वॉटर घेऊन पुसते, कापूस पांढरा निघेपर्यंत. मग तोच फेसवॉश, पण फिरत्या ब्रशने. मग ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर आणि शेवटी मॉइश्चरायझर.

सीरम संपत आलंय, म्हणून विचारतेय. बाटलीवरच्या या दाव्यांत काही तथ्य आहे का? की संध्याकाळचं धुणं हेच खरं काम करतं आणि बाकी शोभेचं? पहिला कापूस अक्षरशः काळपट निघतो, त्यामुळे माझा कल धुण्याकडे आहे.

---

रानवारा

धुणंच. यात विचार करण्यासारखं काही नाही. त्वचेवरची छिद्रं ५० मायक्रॉनच्या आसपास असतात आणि पीएम २.५ चे कण अडीच मायक्रॉनहून लहान. म्हणजे एकेका छिद्रात कण रांग लावून आत जातात. सीरम वरच्यावर लावून आत गेलेली घाण कशी निघणार? आधी वाफ घ्यायची, छिद्रं मोकळी करायची आणि मग ब्रशने खसखसून धुवायचं. तुमचा कापूसच पुरावा आहे.

---

बापूसाहेब

नाकाला चांगला मास्क लावा. चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, धूळ छातीत जाते ते वाईट. आणि व्हिटॅमिन सी लावण्यापेक्षा पोटातून घ्या.

---

आसावरी_द

बापूकाका, मास्क असतोच. प्रश्न त्वचेबद्दल आहे, फुप्फुसांबद्दल नाही :) सीरमच्या जागी गोळी चालेल असं म्हणताय का?

---

बापूसाहेब

चालायला हरकत काय? शेवटी जाणार रक्तातूनच ना.

---

मंजिरी_के

सौंदर्यप्रसाधनांच्या दाव्यांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी रानवारांचं गणित. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. छिद्र म्हणजे रिकामी नळी नव्हे. त्यात केस, तेल आणि मृत पेशींचा गच्च भरणा असतो. कण तोंडाशी अडकतात, थोडे आत सरकतात, पण धडधाकट त्वचेत ते आरपार खोल गेल्याचं सहसा दिसत नाही. त्वचेचा वरचा थर आधीच खरवडलेला असेल तर मात्र चित्र बदलतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कण स्वतः आत जात नसला तरी त्याच्या अंगावर चिकटून आलेला माल जाऊ शकतो. डिझेलच्या काजळीवर बेन्झोपायरीनसारखी तेलात विरघळणारी संयुगं असतात. चेहऱ्यावर तेल आहेच, ती त्यात उतरतात आणि तिथून हळूहळू खाली. पेशींमध्ये अशा रसायनांना ओळखणारा एक रिसेप्टर असतो. तो जागा झाला की दाह आणि डाग पडण्याची साखळी सुरू होते. वर ऊन असेल तर आणखी वाईट, कारण बेन्झोपायरीन आणि यूव्हीए एकत्र आले की दोघांच्या वेगवेगळ्या नुकसानीपेक्षा जास्त नुकसान करतात.

तिसरा प्रकार ओझोन. तो कण नाही, वायू आहे. चेहऱ्यावरच्या तेलातल्या स्क्वालीनशी त्याची गाठ पडली की तिथल्या तिथे रासायनिक क्रिया होऊन जाते. संध्याकाळी तुम्ही धुता ती त्याची राख. म्हणजे धुण्याने कण आणि अंगावर बसलेलं तेलकट मिश्रण निघतं, पण दुपारी जे घडून गेलं ते परत फिरत नाही. सीरमचा दावा नेमका त्या दुपारबद्दल असतो. म्हणून 'हे की ते' असा सामना लावला की उत्तर चुकतं. दोघांची कामाची वेळच वेगळी आहे.

बापूसाहेब, पोटातून घेतलेलं सी त्वचेपर्यंत पोचतं, पण रक्तातली पातळी एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, जास्तीचं लघवीतून जातं. लावून त्वचेत जेवढं साठवता येतं तेवढं गोळीने साठत नाही.

---

तिरकस

मग बाटल्यांवर 'अमुक टक्के कमी प्रदूषण चिकटतं' असं छापतात ते कुठून येतं? तुम्हीच मोजत होतात की काय? :D

---

मंजिरी_के

आम्हीच :) ऐका गंमत.

हाताच्या आतल्या बाजूला दोन चौकोन आखतात. एकावर मिस्ट किंवा क्रीम लावतात, दुसरा कोरा. वाळलं की दोन्हींवर बारीक कोळशाची पूड शिंपडतात किंवा फुंकतात. मग ठरावीक प्रमाणात पाणी सोडून धुतात, फोटो काढतात आणि संगणकावर काळे ठिपके मोजतात. कोऱ्या चौकोनापेक्षा लावलेल्या चौकोनात ठिपके कमी, तर तेवढे टक्के कमी. मिस्टमध्ये बहुतेक वेळा बायोसॅकराइड गमसारखा पातळ थर धरणारा पदार्थ असतो आणि या चाचणीत तो खरंच चांगला दिसतो.

खोटं काही नाही. पण कोळशाची पूड म्हणजे डिझेलचा धूर नव्हे आणि हाताच्या आतल्या बाजूला कपाळासारखं तेल सुटत नाही. घाम नाही, हेल्मेट नाही, मास्कची घासाघीस नाही. सगळा खेळ थोड्या वेळाचा. वायूंबद्दल तर ही चाचणी काहीच बोलत नाही. एसपीएफ मोजायला आयएसओ २४४४४ ही ठरलेली पद्धत आहे, त्यामुळे दोन सनस्क्रीनचे आकडे शेजारी ठेवता येतात. 'अँटी-पोल्युशन'ला अशी सर्वांनी मान्य केलेली फूटपट्टी नाही. एक कंपनी ठिपके मोजते, दुसरी सिगारेटच्या धुराने किती स्क्वालीन खराब झालं ते मोजते, तिसरी बशीतल्या पेशींवर प्रयोग करते, आणि बाटलीवर तिघीही तेच दोन शब्द लिहितात.

तुमचा मिस्ट संपला की पुन्हा आणू नका, एवढंच म्हणेन. नुकसान नाही, पण सनस्क्रीनखाली तो काय वेगळं करतो हे मला तरी सिद्ध करता येणार नाही.

---

रानवारा

पण प्रदूषणाने चेहऱ्यावर डाग येतात हे सिद्ध झालंय ना? जर्मनीतला अभ्यास सगळीकडे फिरतो.

---

मंजिरी_के

२०१० सालचा. सत्तर ते ऐंशी वयाच्या ४०० जर्मन स्त्रिया, काही औद्योगिक पट्ट्यातल्या, काही ग्रामीण भागातल्या. काजळी आणि वाहतुकीचे कण जास्त तिथे कपाळावर आणि गालांवर डाग साधारण २० टक्क्यांनी जास्त आढळले. अभ्यास चांगला आहे, ऊन आणि धूम्रपान यांचा हिशोबही त्यात धरलाय. पण तो कित्येक दशकांच्या वास्तव्याबद्दल बोलतो. सीरम लावून किंवा रोज धुऊन त्यातलं किती टळलं असतं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. सीरमवालेही तो दाखवतात आणि क्लेन्झरवालेही.

---

हेल्मेटवाला

माझाही अनुभव. कपाळावर केसांच्या कडेने आणि हनुवटीखाली सतत पुटकुळ्या. प्रदूषणच कारण असणार, कारण सुट्टीवर गेलो की कमी होतात. सीरमही लावून पाहिलं, फरक शून्य. दोन्ही गालांवर तपकिरी चट्टाही आहे. काय लावू?

---

मंजिरी_के

तुमच्या नावातच उत्तर आहे :) पुटकुळ्या नेमक्या हेल्मेटच्या पॅडिंगखाली आणि पट्ट्याखाली येतात ना? सुट्टीत हेल्मेटही सुटतं. घाम, घासणं आणि दाब यांनी होणारा तो प्रकार आहे. आतलं कापड काढता येत असेल तर धुवा, खाली पातळ सुती टोपी घाला. महिना-दीड महिन्यात फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा.

गालांवरच्या चट्ट्याचं निदान फोरमवर करायला नको. फक्त एवढं पाहा, की तुमचं सनस्क्रीन रंगीत आहे का. मेलाझ्मासारख्या डागांना साधा दृश्य प्रकाशही चिडवतो. तो अडवायला आयर्न ऑक्साइडचे रंग लागतात, बिनरंगी सनस्क्रीन तिथे कमी पडतं.

---

आसावरी_द

सगळं वाचलं. मग माझ्या काळ्या कापसाचं काय? ते प्रदूषण नाही का?

---

मंजिरी_के

थोडं आहे, सगळं नाही. माझं ऐकू नका, स्वतः करून पाहा. सुट्टीच्या दिवशी घरातच राहा, काही लावू नका, संध्याकाळी एका गालावर मायसेलरचा कापूस फिरवा. दुसरा कापूस दिवसभर कपड्याखाली असलेल्या खांद्यावर फिरवा, तेवढ्याच दाबाने, तेवढ्याच वेळा. मग ऑफिसच्या दिवसाचा कापूस. तिन्ही खिडकीजवळच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवा. आणि तुमचं सनस्क्रीन रंगीत आहे का तेही सांगा.

तोवर एक प्रश्न. शेवटचं मॉइश्चरायझर लावताना चुरचुरतं का?

---

आसावरी_द

चुरचुरतं. नाकाच्या बाजूला आणि गालांवर. मला वाटायचं क्रीम काम करतंय. सनस्क्रीन हलकं रंगीत आहे. कापसाचा प्रयोग या आठवड्यात करते.

---

रानवारा

चुरचुरणं ग्लायकोलिकमुळे असेल. ते बंद करा, ब्रश चालू ठेवा.

---

आसावरी_द

झाला प्रयोग. खांद्याचा कापूस पांढरा निघेल असं धरून चालले होते, तर तो चक्क फिकट तपकिरी. घरी बसलेल्या गालाचा पिवळसर तपकिरी. ऑफिसच्या दिवसाचा सगळ्यात गडद, पण नीट पाहिलं तर बहुतेक भाग सनस्क्रीनच्याच रंगाचा, एकसारखा. खरा राखाडी रंग एका कडेला, जिथे कापूस कपाळाच्या वरच्या भागावर आणि नाकाच्या वळणात गेला होता. बारीक काळे कण तिथेच दिसले. आणि आणखी एक: पाचव्या कापसावरही हलका तपकिरी रंग येतच होता, तोवर गाल लाल झालेला.

---

मंजिरी_के

झकास. खांद्यावरचा रंग मृत पेशींचा, त्यांत मेलॅनिन असतं. तो पाचव्याच काय, पंधराव्या कापसावरही येईल, कारण पुसताना तुम्ही नवा थर सोलत जाता. म्हणजे 'कापूस पांढरा होईपर्यंत' ही अटच कधी पूर्ण न होणारी आहे. रोज संध्याकाळी तुम्ही धूळ पहिल्या एक-दोन कापसांत काढता आणि उरलेल्या कापसांनी त्वचा सोलता. मग ब्रश, मग ॲसिड.

आता वर म्हटलं होतं ते. धडधाकट थरातून कण खोल जात नाहीत, खरवडलेल्यातून जाऊ शकतात. म्हणजे रात्री इतकी स्वच्छता करून दुसऱ्या दिवशी धुरासाठी तुम्हीच दार किलकिलं ठेवता. सीरमही जास्त झोंबतं, कारण शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडचं सीरम आंबट ठेवावंच लागतं. पीएच साडेतीनच्या खाली असेल तरच ते त्वचेत नीट उतरतं.

मी असं करेन. सकाळी फेसवॉश बंद, नुसतं पाणी. संध्याकाळी कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम, मिनिटभर, बोटांच्या पेरांनी, दाब न देता. कपाळाची वरची कड, नाकाची वळणं, कानांपुढचा भाग, हनुवटीखाली पट्टा बसतो ती जागा, या चार ठिकाणी जास्त वेळ द्या. बाकी गालावर दोनदा फिरवलं तरी पुरे. तेलात विरघळणाऱ्या घाणीला तेलच बाहेर काढतं आणि न निघणारं सनस्क्रीनही सुटतं. पाणी लावून दुधाळ होऊ द्या, कोमट पाण्याने धुवा. मग बोटाच्या एका पेराएवढा सौम्य, कमी फेसाचा क्लेन्झर, अर्धा मिनिट. साबणाची वडी नको, तिचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. कापूस, ब्रश, वाफ काही नाही. ग्लायकोलिक महिनाभर कपाटात.

धुणं बरोबर झालं का ते कापसावर नका पाहू. टॉवेलने टिपून दहा मिनिटं काहीही न लावता बसा. कातडी ताणली गेली तर धुणं जास्त झालं. चेहऱ्यावर पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत असतील तर सनस्क्रीन अजून बसलंय. दोन्ही नसेल तर थांबा.

---

तिरकस

म्हणजे धाग्याच्या शीर्षकातल्या 'नीट'चा अर्थ 'कमी' निघाला.

---

मंजिरी_के

कमी वेळा, पण तेलाचं ते मिनिट चुकवायचं नाही. धूळ घेऊन झोपू नका. रात्रभर ती संयुगं तेलात मुरायला मोकळी असतात, आणि सगळ्या प्रकरणात खर्च सगळ्यात कमी नि खात्री सगळ्यात जास्त त्या धुण्याचीच आहे.

---

आसावरी_द

आणि सीरम? शिवाय एक शंका: सकाळी लावलेलं सीरम संध्याकाळी धुऊन टाकते, म्हणजे वायाच ना?

---

मंजिरी_के

नाही. २००१ साली पिनेल आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवर मोजलं होतं. आत उतरलेलं सी धुतल्याने जात नाही, ते निम्मं व्हायला साधारण चार दिवस लागतात. वीस टक्क्यांच्या वर प्रमाण नेऊन काही वाढतही नाही. म्हणून सकाळी झोंबत असेल तर रात्री लावा, एक दिवसाआड लावा, साठा तयार होतो.

पुरावा म्हणाल तर सीरमच्या बाजूने आहे, पण तो प्रदूषणापेक्षा उन्हाचा जास्त. सी १५ टक्के, ई १ टक्का आणि फेरुलिक ॲसिड अर्धा टक्का हे मिश्रण २००५ मध्ये पुढे आलं ते सूर्यप्रकाशासारख्या दिव्याखाली. ओझोनवर माणसांवर प्रयोग झालाय, २०१७ चा. पंधरा जणांच्या हातांवर रोज तीन तास, पाच दिवस ओझोन सोडला. मिश्रण लावलेल्या भागात नुकसानीच्या खुणा बऱ्याच कमी. पण ओझोन होता ०.८ पीपीएम. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांची मर्यादा ०.०५ पीपीएमच्या आसपास येते. इतका दाट ओझोन तुमच्या रस्त्यावर नसतो. ढाल चालते हे दिसलं, रोजच्या माऱ्यात तिची किती गरज पडते ते नाही.

---

तिरकस

इथे मला एक खटकतं. हवेतल्या धुळीची घातक ताकद मोजायच्या एका पद्धतीत धूळ ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या द्रावणात टाकतात आणि ते किती वेगाने संपतं ते बघतात. ब्रेक झिजून उडणारं तांबं आणि लोखंड ते ॲसिड भराभर संपवतात. मग चेहऱ्यावर राहिलेल्या सीरमवर तीच धूळ बसली तर? सीरमने धुळीला निकामी केलं म्हणायचं, की धुळीने सीरम फस्त करून वर उपद्रवी रेणू तयार केले?

---

मंजिरी_के

प्रश्न रास्त आहे. धातूंबरोबर सी उलटं वागू शकतं हे रसायनशास्त्रात जुनं आहे. म्हणूनच चांगल्या सूत्रात धातूंना बांधून ठेवणारं ईडीटीएसारखं काही घालतात. माझं मत, सीरम आत उतरून पृष्ठभाग कोरडा झाल्यावर वर सनस्क्रीनचा थर असेल तर ही भानगड किरकोळ राहते. मतच आहे, मोजलेलं नाही.

---

तिरकस

मला ते किरकोळ वाटत नाही. रात्री लावायचं हे याच कारणाने जास्त पटतं.

---

रानवारा

एवढं सगळं बोलून शेवटी संध्याकाळी धुवा हेच ना? मी पहिल्या प्रतिसादात सांगितलेलं.

---

आसावरी_द

अपडेट. काही आठवडे मंजिरीताईंच्या पद्धतीने चाललंय. मॉइश्चरायझरची चुरचुर पहिल्या पंधरवड्यातच गेली, लाली बरीच उतरली. नाकावरचे काळे ठिपके आहेत तसेच आहेत. ब्रश बहिणीने मागितला, तिला या धाग्याची लिंक दिली, तरी घेऊन गेली.

मिस्ट बंद. सीरम रात्री एक दिवसाआड. पण उरलेलं आता गडद नारिंगी झालंय आणि वास बदललाय. अजून वापरू का?

---

मंजिरी_के

फिकट पिवळं असतं तर संपवा म्हटलं असतं. नारिंगी म्हणजे बरंचसं सी मरून गेलं, टाकून द्या. नवं घ्यायचंच असेल तर लहान, गडद, हवाबंद पंपाची बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख बुडाशी लिहा. आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचे झाले तर आधी यूव्हीए नीट अडवणारं सनस्क्रीन. बेन्झोपायरीनला जोडीदार तिथूनच मिळतो.

---

हेल्मेटवाला

हेल्मेटचं कापड धुतलं. पाण्याचा रंग सांगत नाही.